पैसे एकदा मोजा: पंख्याच्या घोषवाक्यामागचं गणित

“खोक्यावर एक ओळ हवी आहे. सहा-सात शब्दांत बसली पाहिजे आणि तीन गोष्टी त्यात आल्या पाहिजेत: वीज कमी, बिल कमी, आणि तेही वर्षानुवर्षं.” वीज वाचवणाऱ्या छताच्या पंख्यासाठी घोषवाक्य लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ते अर्ध्या दुपारचं वाटलं होतं. पहिली ओळ तर पाच मिनिटांत सुचली: ‘पंखा बदला, बिल निम्मं करा.’ कंपनीच्या मोटर विभागातल्या मॅडमनी ती वाचली, पेनाने ‘बिल’ या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, “कुणाचं?”

त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. दुकानात नवा पंखा बघताना तुम्हालाही खोक्यावर ‘बीएलडीसी’, ‘२८ वॅट’, ‘६५ टक्के बचत’ असं काहीबाही दिसत असेल. त्यातलं खरं किती, तुमच्या घरात लागू किती आणि कधीपासून, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. भागाकार येत असला की पुरे.

## ‘बिल निम्मं’ का खोडलं गेलं

आधी दोन शब्द नीट करून घेऊ. वॅट म्हणजे एखादी वस्तू या क्षणाला किती वेगाने वीज खाते ते. युनिट म्हणजे एकूण किती खाल्ली ते. नळाची धार आणि भरलेली बादली, असा तो फरक आहे. हजार वॅटची धार एक तास चालली की एक युनिटची बादली भरते. बिल बादल्यांचं येतं. खोक्यावर मात्र धार छापलेली असते. निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो.

आता एक घर घेऊ. महिन्याला २०० युनिट वीज जाते, तीन पंखे आहेत, तिन्ही जुन्या पद्धतीचे. छताचा नेहमीचा पंखा, म्हणजे १२०० मिलिमीटर व्यासाचा, पूर्ण वेगावर साधारण ७० ते ८० वॅट घेतो. आपण ७५ धरू. रोज १२ तास, महिन्याचे ३० दिवस चालला तर एक पंखा २७ युनिट खातो. तीन मिळून ८१.

त्याजागी ३० वॅटचे पंखे लावले. आता प्रत्येकी १०.८ युनिट, तिघांचे ३२ आणि थोडे वर. वाचले जवळपास ४९. दोनशेचे १५१ झाले. पंख्यांचा खर्च साठ टक्क्यांनी उतरला हे खरं, पण घराचा खर्च उतरला चोवीस टक्क्यांनी. कारण फ्रिज, पंप, टीव्ही, इस्त्री यांना पंखा बदलल्याची खबरही नसते. ज्या घरात गिझर किंवा एसी भरपूर चालतो तिथे हा आकडा दहाच्याही खाली जाईल.

रुपया-पैशांत गणित आणखी थोडं सरकतं, आणि तेही दोन्ही बाजूंना. बिलात एक स्थिर आकार असतो. वीज वापरा न वापरा, तो भरावाच लागतो, त्यामुळे बचतीची टक्केवारी खाली येते. उलट जिथे जास्त वापराला चढा दर लागतो, तिथे वाचलेली युनिटं सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. तिथे बचत सरासरी दरापेक्षा मोठी पडते. म्हणून मॅडमचं म्हणणं असं की घोषवाक्यात ‘बिल’ हा शब्द हवाच असेल तर ‘कमी’ म्हणा; ‘निम्मं’ म्हणायचं तर ‘पंख्याचं’ हा शब्द आधी घाला. ‘पंख्याचं बिल निम्मं’ ही ओळ खरी आहे. फक्त पंख्याचं वेगळं बिल कुणाला येत नाही, आणि या सगळ्या मालाची विक्री अवघड जाते ती त्यामुळेच. खर्च दुकानात, एकरकमी, डोळ्यांसमोर होतो. फायदा मात्र एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं असा थेंबाथेंबाने येतो आणि बिलावर त्याची ओळसुद्धा नसते.

## वीज वाचते तरी कुठून?

वारा तेवढाच आणि वीज निम्म्याहून कमी, हे ऐकून पहिली शंका येते ती फसवणुकीची. रास्त शंका आहे. उत्तर मोटरच्या पोटात आहे.

कोणतीही मोटर फिरते ती दोन चुंबकांच्या ओढाओढीने. एक चुंबक स्थिर भागात, दुसरं फिरणाऱ्या भागात. जुन्या पंख्यात, ज्याला इंडक्शन मोटर म्हणतात, फिरणाऱ्या भागाकडे स्वतःचं चुंबक नसतं. स्थिर भागातल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून वीज गेली की तिथे गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते फिरत्या भागात वीज उपजवतं, त्या विजेने तो भाग तेवढ्यापुरता चुंबक बनतो. म्हणजे इथलं चुंबकत्व उधारीचं आहे. उधारी दर क्षणाला नवी घ्यायची आणि तिचं व्याजही दर क्षणाला भरायचं. हे व्याज उष्णतेच्या रूपात जातं. जुना पंखा चार-पाच तास चालवून बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या आणि मधल्या डब्याला हात लावून बघा. जी ऊब लागते ती तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेली वीज आहे, आणि तिने वाऱ्याची एक झुळूकही दिलेली नाही.

बीएलडीसी पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमची चुंबकं बसवलेली असतात. भांडवल स्वतःचं, उधारी नाही. फक्त स्थिर भागातल्या कोणत्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची हे नेमकं ठरवावं लागतं. झोक्याला धक्का देतो तसं ते आहे: योग्य क्षणी दिला तर दोन बोटं पुरतात, चुकीच्या क्षणी दिला तर दोन्ही हात लावूनही झोका अडखळतो. तो क्षण ओळखायचं काम डब्यातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. घरात येणारी एसी, म्हणजे सतत दिशा पालटणारी वीज आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी करून ते ती वाटून देतं. बीएलडीसी म्हणजे ‘ब्रशलेस डीसी’. जुन्या डीसी मोटरांत वीज पालटण्यासाठी कार्बनचे ब्रश घासत असत, ते काम इथे सर्किटने घेतलं म्हणून ब्रशलेस. यापुढे मी याला नुसता ‘नवा पंखा’ म्हणणार आहे.

जादू एवढीच. हवा ढकलायला लागणारी मेहनत दोन्ही पंख्यांत साधारण सारखी. वाया जाणारी उष्णता मात्र एकात खूप आणि दुसऱ्यात थोडी.

## वारा खरंच तेवढाच येतो का?

माझी दुसरी ओळ होती ‘वारा भरभर, मीटर हळूहळू’. ती अजूनही मला आवडते. मॅडमनाही आवडली, पण त्यांनी ‘भरभर’खाली रेघ मारली. “आधी दाखवा.”

पंखा किती हवा फेकतो ते घनमीटर दर मिनिटाला असं मोजतात. चांगल्या १२०० मिमी पंख्यासाठी हा आकडा साधारण २१० ते २३० असतो. खोक्यावर तो बहुतेक वेळा छापलेला असतो, पण वॅटच्या आकड्यापेक्षा बराच बारीक अक्षरात, आणि गिऱ्हाईक तिकडे बघत नाही. इथे लबाडीला जागा आहे.

पंख्याच्या वाऱ्याचा आणि विजेचा संबंध सरळ नसतो. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर वारा साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो, पण हवा ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनात बदलते. ०.९ ला ०.९ ने आणि पुन्हा ०.९ ने गुणा: ०.७३ येतात. म्हणजे वेग नुसता दहा टक्के उतरवला की त्या कामाची वीज सत्तावीस टक्क्यांनी उतरते. मोटर न सुधारता, फक्त पंखा मंद करूनही खोक्यावर छोटा वॅट छापता येतो. सायकलवाल्यांना हे पायांनी ठाऊक असतं. वाऱ्याविरुद्ध थोडाच वेग कमी केला तरी दम किती वाचतो ते बघा.

म्हणून दोन पंख्यांची तुलना करताना वॅट एकटा बघू नये. हवेचा आकडा वॅटने भागा. एका वॅटमागे किती वारा मिळतो ते कळतं. २२० घनमीटर आणि ७५ वॅट असेल तर जेमतेम तीन. २२० आणि ३० असेल तर सात आणि वर. तिसरा एक पंखा समजा २८ वॅटचा आहे, पण हवा १८० फेकतो: त्याचा भागाकार साडेसहाच्या आत येतो. खोक्यावर तो तिघांत सगळ्यात काटकसरी दिसेल, आणि घरी आल्यावर पहिल्याच उकाड्याच्या रात्री तुम्ही त्याचा वेग वाढवायला बटण शोधाल. ‘तेवढाच वारा’ हे शब्द ज्या घोषवाक्यात नाहीत, त्याकडे मी आता थोडं संशयाने बघतो.

## टक्के वाढतात आणि बचत कमी होते, ती कशी?

बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे. विक्री विभागाला ओळीत टक्के हवे होते. पूर्ण वेगावर ७५ चे ३० म्हणजे ६० टक्के बचत. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, मधल्या वेगावर मोजा, आकडा आणखी मोठा येतो. बरोबर होतं त्यांचं.

मधल्या वेगावर जुना पंखा, चांगल्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर असेल तर, समजा ४२ वॅट घेतो. नवा तिथे १२ वॅटच्या आसपास येतो, कारण वर सांगितलेला घनाचा नियम त्याला जवळपास पुरता पाळता येतो. जुन्याला नाही जमत: त्याचा वेग कमी करायचा म्हणजे मोटरला मिळणारा विजेचा दाब कमी करायचा, आणि मग फिरता भाग आणखी मागे रेंगाळतो, उधारीचं व्याज वाढतं. बचत झाली ४२ वजा १२, म्हणजे ३० वॅट. टक्क्यांत ७१. आणि पूर्ण वेगावर? ४५ वॅट, पण टक्के फक्त ६०.

म्हणजे टक्के वाढले आणि वाचलेली वीज घटली. जो माणूस पंखा नेहमी मध्यावर ठेवतो त्याला ‘७१ टक्के’ वाचून जास्त फायदा वाटेल, प्रत्यक्षात त्याची युनिटं कमी वाचतील. यात खोटं काहीच नाही. फक्त टक्क्यांनी मीटर फिरत नाही. मी तेव्हाच ठरवलं की ओळीत टक्के येणार नाहीत, युनिट येईल.

भिंतीवर खूप जुना, मोठ्या डब्यासारखा, चालू असताना गरम होणारा रेग्युलेटर असेल तर गोष्ट निराळी. तो वेग कमी करतो तो जास्तीची वीज स्वतः उष्णता करून उधळून. त्या घरात पंखा एकवर असो की चारवर, मीटरला फारसा फरक पडत नाही, आणि नव्या पंख्याची बचत मंद वेगावरही घसघशीत दिसते.

जाता जाता एक सूचना, कारण ही चूक सर्रास होते. नवा पंखा जुन्या रेग्युलेटरमधून जोडू नये. त्याचा वेग त्याच्या आतल्या सर्किटने ठरतो; रेग्युलेटरने कापलेली वीज त्या सर्किटला मिळाली की पंखा गुणगुणतो, मध्येच थांबतो, परत सुरू होतो, आणि सर्किटचं आयुष्यही कमी होतं. इलेक्ट्रिशियनला सांगून रेग्युलेटर वगळून थेट स्विचवर घ्यायचा.

## ‘वर्षानुवर्षं’ म्हणजे नेमकी किती?

आता मूळ मुद्दा. पूर्ण वेगावर ४५ वॅट वाचतात. रोज १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस पंखा चालला असं धरलं तर वर्षाला १६२ युनिट होतात. एका पंख्यामागे.

नवा पंखा जुन्या पद्धतीच्या नव्या पंख्यापेक्षा महाग असतो. किती महाग, ते ठिकाणानुसार आणि काळानुसार बदलेल, म्हणून एक युक्ती सांगतो. किमतींमधला फरक घ्या आणि तुमच्या बिलावरच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने भागा. उत्तर युनिटांत येतं. समजा ते २५० आलं. म्हणजे या पंख्यावर तुमचं २५० युनिटांचं कर्ज आहे, आणि तो वर्षाला १६२ फेडतो. दीड वर्षात कर्ज फिटलं. दहा वर्षं चालला तर १६२० युनिट वाचतात, त्यातले २५० वजा केले तरी १३७० तुमचे. युनिटांत मोजण्याचा फायदा असा की पुढे दर वाढले तरी हे गणित बदलत नाही. उलट तुमची वाचलेली युनिटं जास्त मोलाची होतात.

हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावा. तिथे दिवसाला सरासरी एक तास चालतो. वर्षाला वाचली १३.५ युनिटं. २५० फेडायला साडेअठरा वर्षं! त्यात या पंख्यांना बहुधा रिमोट असतो, आणि रिमोटची वाट बघत बसलेलं सर्किट, पंखा फिरत नसतानाही, भिंतीवरचा खटका चालू असेल तर थोडी वीज घेत राहतं. ती एक वॅट धरा. वर्षभर दिवसाचे २३ तास असे चालू राहिले तर आठ युनिटांहून जास्त जातात. तेरा वाचवायची आणि आठ वाटेत सांडायची. त्या खोलीत जुनाच पंखा राहू द्या, किंवा निदान खटका भिंतीवरून बंद करत जा.

मॅडमचा मला सगळ्यात पटलेला मुद्दा हा होता: वर्षं पंखा मोजत नाही, तास मोजतो. ‘वर्षानुवर्षं’ हा शब्द ज्या पंख्याखाली कुणीतरी रोज झोपतं त्याच्यासाठीच खरा आहे.

## चालू पंखा काढून नवा लावावा का?

इथे कर्जाचा आकडा बदलतो. जुना गेलाच आहे आणि दुसरा घ्यायचाच आहे, तेव्हा फक्त दोन किमतींमधला फरक मोजायचा. चालू पंखा काढून टाकत असाल तर नव्याची पूर्ण किंमत मोजावी लागते. ती समजा ४५० युनिटांएवढी असेल तर फेडायला पावणेतीन वर्षं आणि थोडं वर. बारा तास चालणाऱ्या खोलीत तरीही परवडतं. सहा तासांच्या खोलीत साडेपाच वर्षं लागतात, तिथे मी तरी जुन्याची वाट बघेन.

पण वाट बघताना एक लक्षात ठेवा. जुना पंखा हळू झाला म्हणजे मोटर गेलीच असं नसतं. बहुतेक वेळा त्याचा कपॅसिटर कमजोर झालेला असतो, तो पाच मिनिटांत बदलता येतो आणि पंखा पुन्हा पहिल्यासारखा फिरतो. मंदावलेला पंखा पाहून ‘आता नवाच घेऊ’ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

## आणि मध्येच सर्किट गेलं तर?

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला, आणि तो खरा आहे. जुन्या पंख्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं: कपॅसिटर, बेअरिंग, फारच झालं तर वेटोळं जळतं, आणि ते पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर मिळतो. नव्या पंख्यात बेअरिंग तर आहेच, शिवाय सर्किटचा बोर्ड आहे. बंद डब्यात, छताजवळच्या गरम हवेत बसलेल्या बोर्डावरचे कपॅसिटर काळानुसार सुकतात. विजेचा अचानक झटका आला तर बोर्ड एका क्षणात जाऊ शकतो. लक्षणं ओळखू येतात. रिमोटला ‘बीप’ येतो पण पंखा हलत नाही. किंवा सुरू होताना पुढे-मागे असे हिसके देतो आणि वेग पकडतच नाही: म्हणजे वेटोळ्यांच्या तीन गटांपैकी एकाला बहुधा वीज पोचत नाहीये. तो हिसक्यांत असताना चालू ठेवू नका.

मग गणित मोडतं का? बोर्डाची किंमत तुमच्याकडे १०० युनिटांएवढी असेल तर एक बिघाड म्हणजे साडेसात महिन्यांची बचत. दहा वर्षांत एकदा झाला तरी १३७० चे १२७० उरतात. अडचण वेगळीकडेच आहे: चार-पाच वर्षांनी त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला नाही तर पूर्ण पंखा भंगारात जातो. तेव्हा घेताना दोन प्रश्न विचारा. हमी मोटरवर किती आणि सर्किटवर किती, कारण मोठ्या अक्षरांतली हमी पुष्कळदा फक्त मोटरची असते. आणि बोर्ड सुटा मिळतो का. दुसऱ्या प्रश्नावर दुकानदार छताकडे बघायला लागला तर ‘वर्षानुवर्षं’ हा शब्द तुम्ही मनातल्या मनात खोडा.

## बिल भरणारा आणि पंखा घेणारा वेगळे असतील तर

भाड्याच्या घरात पंखा घरमालक लावतो आणि बिल भाडेकरू भरतो. मालकाला स्वस्त पंखा परवडतो, कारण उधळलेली युनिटं त्याची नसतात. माझं कोणतंही घोषवाक्य त्याच्यापुढे चालणार नाही. ते वाचायचं कुणी तर भाडेकरूने. त्याने स्वतःचा पंखा लावला आणि घर सोडताना उतरवून नेला तर हिशोब जमतो. पंखा काही भिंत नाही, नट सोडले की उतरतो.

## शेवटी कोणती ओळ राहिली

तीन आठवड्यांत मी सतरा ओळी लिहिल्या. ‘पाच वर्षांत पंखा फुकट’ गेली, कारण बारा तासांच्या घरात ते पाच वर्षांच्या खूप आधी होतं आणि एका तासाच्या खोलीत अठरा वर्षांतही होत नाही. ‘फुकटचा वारा’ तर मीच खोडली. फुकट म्हटलं की माणूस निघताना पंखा बंद करत नाही, आणि रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणत्याही मोटरचा असो, वायाच. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार वाटायला लावतो. खोलीत माणूस नसेल तर तो वाळवणार काय?

राहिली ती ही: ‘पैसे एकदा मोजा, युनिटं वर्षानुवर्षं वाचवा.’

‘मोजा’ या क्रियापदावर मी खूश होतो. दुकानात पैसे मोजायचे, घरी युनिटं मोजायची, एकच शब्द दोन्हीकडे चालतो, आणि महाग आहे हे न लपवता सांगतो. मॅडमनी ती वाचली, मान डोलावली आणि शेवटी एक तारा काढला. ताऱ्याखाली काय यायचं हे त्यांनीच लिहून दिलं: ‘१२०० मिमी पंखा, तेवढाच वारा देणाऱ्या ७५ वॅटच्या पंख्याशी तुलना, पूर्ण वेग, रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस, बचत वर्षाला १६२ युनिट.’ विक्री विभागाने ती ओळ मुंगीएवढ्या अक्षरात टाकली. त्यावरून जे भांडण झालं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण अक्षर मुंगीचं झुरळ झालं.

## घरच्या मीटरवर मोजून बघा

कुणाच्याच ताऱ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर एक सोपा प्रयोग आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, आणि जवळच `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ एका युनिटमागे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर तो घ्या.

घरातलं सगळं बंद करून फक्त एक पंखा पूर्ण वेगावर लावा. दहा मिनिटं दिवा मोजा. ७५ वॅटचा पंखा तासाला २४० वेळा लुकलुकवतो, म्हणजे दहा मिनिटांत ४०. तीस वॅटचा असेल तर १६. पंखा जितकी वीज वापरतो तितकीच बोटांवर मोजायची, मध्ये खोकं नाही, दुकानदार नाही, आणि मीही नाही.

मी केला तेव्हा माझ्या जुन्या पंख्याचे ५३ आले. मोटर खराब आहे असं ठरवून मी मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, “राऊटर बंद केला होता?” नव्हता. सेट-टॉप बॉक्सही नव्हता. दोन्हींचे प्लग काढून परत मोजलं, तर ४१.

“एक इकडेतिकडे होतंच,” त्या म्हणाल्या. “आता हेच तीनच्या वेगावर मोजा.”